शंभर रात्रींची ट्रायल आणि ऐनवेळी निघालेल्या अटी: गादी परत कशी करायची?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना जे नंबर आणि पत्ते लिहून घेता आले नाहीत, ते इथे बघून घ्या.)

आजचा विषय गादीचा आहे. मोबाईलवर जाहिरात येते, 'शंभर रात्री झोपून बघा, आवडली नाही तर पूर्ण पैसे परत, एकही प्रश्न विचारणार नाही.' आपण ऑर्डर करतो. खोक्यात गुंडाळलेली गादी थेट कुरखेड्यापर्यंत येते. महिनाभर झोपून पाठ दुखायला लागते, म्हणून आपण परत न्या म्हणतो. आणि मग एकेक अट निघायला लागते. तुमच्या पिनकोडला पिकअप नाही. मूळ पॅकिंग आहे का? नेण्याचा खर्च तुमचा. आधी दुसरी गादी वापरून बघा.

या अटी पाळायच्या की नाही, हे ठरवायचं कसं? आजच्या भागात फक्त एवढंच बघू, पण नीट बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की ऑनलाइन घेतलेली वस्तू आवडली नाही तर परत करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तसं नाही. वस्तू खराब निघाली, जाहिरातीत सांगितली तशी नसली किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आली, तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. पण वस्तू धडधाकट आहे, फक्त मला जमत नाही, एवढ्यावर परत करण्याचा सरसकट हक्क भारतात नाही.

युरोपात तो आहे. तिथे ऑनलाइन खरेदीनंतर 14 दिवस कारण न सांगता माल परत करता येतो. जर्मनीतल्या एका ग्राहकाने स्लेवो नावाच्या ऑनलाइन दुकानातून गादी घेतली, वरचं प्लास्टिकचं आवरण काढलं आणि मग ती परत करायला निघाला. दुकानाचं म्हणणं होतं की आवरण काढलं, आता स्वच्छतेच्या कारणाने ती परत घेता येणार नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. 27 मार्च 2019 रोजी न्यायालयाने सांगितलं की गादी ही कपड्यासारखी आहे. कपडा अंगावर घालून बघितला तरी धुऊन पुन्हा विकता येतो, तशी गादीही साफ करून विकता येते. म्हणून आवरण काढल्याने परतीचा हक्क जात नाही.

हा निकाल आपल्याकडे लागू नाही. पण त्यातून एक फरक कळतो. तिथे परतीचा हक्क कायद्यातून येतो, आपल्याकडे ट्रायलचा हक्क कंपनीच्या शब्दातून येतो. म्हणून आपल्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न हा, की ज्या दिवशी पैसे भरले, त्या दिवशी कंपनीने काय लिहिलं होतं? तो शब्द तुमच्या हातात असेल तर बाकी भांडण सोपं आहे.

कंपनी अडवते कशासाठी?

हे समजून घेतलं की तिच्या अटींचा अर्थ लागतो. फोमची गादी कारखान्यात मशीनने दाबतात, हवा काढतात आणि गुंडाळून खोक्यात भरतात. घरी उघडली की ती फुगते. पुन्हा तशी दाबायला मशीनच लागतं, चार माणसं वर बसली तरी जमत नाही.

आता कुरिअरचा हिशोब बघा. मोठ्या पण हलक्या वस्तूचं भाडं काट्यावरच्या वजनाने लावत नाहीत, आकाराने लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी 5000 ने भागायचं. 72 बाय 60 इंची, 6 इंच जाड गादी म्हणजे साधारण 183 बाय 152 बाय 15 सेंटिमीटर. गुणून भागलं की सुमारे 83 किलो येतात. म्हणजे दोन माणसं सहज उचलतील अशा गादीचं भाडं 83 किलोचं. येताना ती गुंडाळलेली होती, म्हणून स्वस्तात आली. जाताना ती उघडी आहे. त्यात वडसा, आरमोरी करत पुढे नागपूरपर्यंत जायचं, आणि वापरलेली गादी नवी म्हणून विकताही येत नाही.

म्हणजे परत नेणं कंपनीला खरंच महाग पडतं. पण हा हिशोब तिला 'शंभर रात्री' लिहितानाही माहीत होता. तो खर्च जाहिरातीच्या खर्चात धरायचा की तुमच्या खिशातून काढायचा, एवढाच वाद आहे.

एक उदाहरण घेऊ

हे उदाहरण समजण्यासाठी रचलेलं आहे. कुरखेड्याच्या एका ताईंनी 14,000 रुपयांची गादी कंपनीच्याच वेबसाइटवरून घेतली. 10 जूनला ती घरी आली. ट्रायल 100 रात्रींची, घरपोच मिळाल्यापासून. 10 जूनची रात्र पहिली धरली तर जूनच्या 21, जुलैच्या 31, ऑगस्टच्या 31 मिळून 83 होतात आणि शंभरावी रात्र 17 सप्टेंबरला येते. ताईंनी 38 रात्री झोपून 18 जुलैला परतीची मागणी केली. मुदत भरपूर शिल्लक आहे.

फोनवरच्या मुलाने चार गोष्टी सांगितल्या. एक, तुमच्या पिनकोडला परतीचं पिकअप नाही, नागपूरच्या गोदामात स्वतः आणून द्या. दोन, मूळ पॅकिंग लागेल. तीन, नेण्याचे 1,800 रुपये कापू. चार, आधी आमचा माणूस फोटो बघून गादीत दोष आहे का ते ठरवेल.

ताईंनी लगेच वाद घालायचा नाही आणि लगेच मान्यही करायचं नाही. प्रत्येक अट तीनपैकी कोणत्या ढिगात पडते ते बघायचं.

पहिला ढीग: खरेदीच्या वेळी स्पष्ट लिहिलेली अट. उदाहरणार्थ, 'किमान 30 रात्री वापरल्यावरच परत', 'डाग किंवा फाटलेली गादी चालणार नाही', 'मापाप्रमाणे बनवून घेतलेल्या गादीला ट्रायल नाही', 'ट्रायल फक्त आमच्या वेबसाइटवरच्या खरेदीला'. या अटी ट्रायलच्या पानावरच सरळ दिसत होत्या तर त्या पाळाव्या लागतात. चहा सांडलेला असेल, तर इथे कंपनीचं बरोबर आहे. हीच गादी ताईंनी एखाद्या मोठ्या शॉपिंग अॅपवरून घेतली असती, तर कदाचित शंभर रात्री लागूच झाल्या नसत्या आणि त्या अॅपची आठ-दहा दिवसांची परतीची मुदत चालली असती.

दुसरा ढीग: लिहिलेली, पण लपवलेली अट. वर मोठ्या अक्षरात 'मोफत परत', आणि खाली 'अटी व शर्ती'च्या लिंकमध्ये कुठेतरी 'पिकअप खर्च कापला जाईल'. इथे तुम्हाला भांडायला जागा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 9 जून 2022 ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचं सांगणं असं, की बारीक अक्षरातली टीप मूळ दाव्याच्या उलट जाऊ शकत नाही, आणि महत्त्वाची माहिती तिच्या आड लपवता येत नाही. शिवाय ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे स्वतःचा माल ऑनलाइन विकणाऱ्याने परतीची माहिती, परत पाठवण्याच्या खर्चासकट, ग्राहकाला नीट दिसेल अशी द्यायची असते.

तिसरा ढीग: कुठेच न लिहिलेली, नंतर सांगितलेली अट. ही तुमच्यावर बंधनकारक नाही. सौदा झाल्यावर एका बाजूने शर्ती बदलता येत नाहीत, त्याला दोघांची संमती लागते. हे तत्त्व 1872 च्या भारतीय करार कायद्याइतकं जुनं आहे.

आता ताईंच्या चार अटी बघा. पिनकोडची गोष्ट खरेदीच्या पानावर नव्हती, आणि कंपनीने त्याच पिनकोडला गादी आणून दिली, पैसे घेतले. तिसरा ढीग. मूळ पॅकिंगचंही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि ते पॅकिंग हाताने होतच नाही. हाही तिसरा ढीग. 1,800 रुपये लिंकच्या आत लिहिलेले सापडले, पण वर 'पूर्ण पैसे परत' होतं. दुसरा ढीग.

चौथी अट सगळ्यात फसवी आहे. ऐकायला ती साधी तपासणी वाटते, पण तिच्यात ताईंचं प्रकरण हळूच ट्रायलमधून काढून वॉरंटीत टाकलं जातं. ट्रायलमध्ये दोष सिद्ध करायची गरज नसते, आवडली नाही एवढं पुरे. वॉरंटीत दोष दाखवावा लागतो, जसं गादी ठराविक मापापेक्षा जास्त खचली वगैरे. एकदा का 'तपासणीत दोष आढळला नाही' असा मेल आला, की मागणी नाकारली म्हणून फाईल बंद होते. म्हणून डाग-फाट दाखवायला फोटो द्या, पण सोबत लिहा की 'मी दोषाची तक्रार करत नाही, ट्रायलखाली परत करत आहे.' परतीच्या फॉर्ममध्ये कारण निवडायला सांगितलं तरी तेच. गादी ठीक असताना 'दोष' वर टॅप करू नका.

जुना शब्द सापडणार कुठून?

खरेदीच्या दिवशी स्क्रीनशॉट घेतला असेल तर उत्तमच. नसेल तरी सगळं गेलं असं नाही. ऑर्डर पक्की झाल्याचा मेल उघडा, त्यात बऱ्याचदा ट्रायलची ओळ असते. बिल बघा. खोक्यातला कागद, गादीला लावलेलं कार्ड बघा. जाहिरात इन्स्टावर होती तर ती पोस्ट अजून असू शकते.

आणखी एक जागा आहे. `web.archive.org` या साइटवर वेबसाइटच्या पानांच्या जुन्या तारखांच्या प्रती साठवलेल्या असतात. कंपनीच्या ट्रायल पानाचा पत्ता तिथे टाका आणि खरेदीच्या आसपासची तारीख निवडा. प्रत्येक पान सापडेलच असं नाही, पण सापडलं तर 'आमची अट आधीपासूनच होती' हे खरं की खोटं ते एका मिनिटात कळतं. आजचं पानही लगेच सेव्ह करून ठेवा, तारीख आणि पत्ता दिसेल असं.

फोन ठेवला की मेल टाका

फोनवर सांगितलेल्या अटीचा पुरावा नसतो. कस्टमर केअरवाले मुद्दाम फोनच करतात असं नाही, पण फायदा त्यांनाच होतो. उपाय सोपा आहे. फोन संपल्यावर त्याच दिवशी मेल करा, मराठीत केला तरी चालेल. असा:

'ऑर्डर क्रमांक अमुक. गादी 10 जूनला मिळाली. 100 रात्रींच्या ट्रायलखाली मी आज, 18 जुलैला, ती परत करत आहे. आज फोनवर तुमच्या प्रतिनिधीने पुढील चार अटी सांगितल्या (अटी लिहा). खरेदीच्या वेळी ट्रायलच्या पानावर या अटी नव्हत्या, त्या पानाची प्रत सोबत आहे. या अटी कुठे लिहिल्या होत्या ते कळवा, नाहीतर 7 दिवसांत पिकअपची तारीख द्या आणि 14,000 रुपये परत करा. गादी स्वच्छ आहे, फोटो जोडले आहेत.'

या मेलची दोन कामं आहेत. मुदतीच्या आत मागणी केल्याची तारीख पक्की होते. पुढे पिकअपच्या घोळात शंभर रात्री उलटल्या तरी 'मुदत संपली' म्हणता येत नाही. दुसरं, तोंडी अट कागदावर येते. कंपनीने ती नाकारली नाही तर ती तिचीच. आणि बऱ्याचदा लिहून विचारलं की अर्ध्या अटी आपोआप गळून पडतात.

मेल कस्टमर केअरसोबत तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, असा 2020 च्या नियमांत हिशोब आहे.

तोवर गादीचं काय करायचं?

मागणी केल्यावर शक्यतो तिच्यावर झोपणं थांबवा, नाहीतर 'अजून वापरून राहिले' असं उत्तर येतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. सिमेंटच्या फरशीवर किंवा ओलसर भिंतीला टेकवून ठेवली तर खालून बुरशी धरते, आणि मग डागाची अट खरोखर तुमच्यावर लागते. खाटेवर किंवा पलंगावर सपाट ठेवा, वर चादर टाका, खिडकी उघडी ठेवा. पूर्ण प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. घडी घालू नका, फोम मोडतो. दर आठवड्याला एक फोटो काढा.

कधीकधी कंपनी म्हणते, 'पिकअप जमत नाही, गादी जवळच्या संस्थेला देऊन टाका, पावती पाठवा, पैसे देतो.' हा मार्ग वाईट नाही, सगळ्यांचाच खर्च वाचतो. पण आधी लेखी घ्या: कोणाला द्यायची, कसली पावती लागेल, किती रुपये परत आणि किती दिवसांत. लेखी येईपर्यंत गादी घराबाहेर जाऊ देऊ नका. गादीही गेली आणि पैसेही गेले असं व्हायला नको. पिकअपवाला आला तरी सहीची पावती घेतल्याशिवाय गादी देऊ नका.

आणि गादी हप्त्यांवर घेतली असेल तर रागाने हप्ता थांबवू नका. कर्ज देणारी कंपनी वेगळी असते. हप्ता चुकला की सिबिल तुमचं बिघडतं.

तरीही ऐकलं नाही तर

पहिलं पाऊल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर 1915, किंवा `consumerhelpline.gov.in`. मराठीत बोलता येतं. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागतात. एक मर्यादा लक्षात ठेवा, हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही. पण तुमचे कागद तयार असतील तर बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण 14,000 रुपयांसाठी पुढे जाणं कंपनीलाही परवडत नाही.

दुसरं पाऊल जिल्हा ग्राहक आयोग, आपला गडचिरोलीचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केलेला मोठा बदल म्हणजे ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करू शकतो. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, कुरखेड्याच्या माणसाने गडचिरोलीत तक्रार टाकायची. कंपनीच्या अटींत 'वाद फक्त अमुक शहरातल्या कोर्टात' लिहिलं असेल, त्याला घाबरून थांबू नका. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लागतोच असं नाही. तक्रार `e-jagriti.gov.in` वरून ऑनलाइन टाकता येते, आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या असा अर्जही करता येतो. मुदत दोन वर्षं, कारण घडल्यापासून.

अर्जात एक शब्द जपून वापरा. 'हा करारच अन्यायकारक आहे, तो रद्द करा' अशी मागणी केली तर ते प्रकरण जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जातं. आपल्याला करार मोडायचा नाही, पाळायला लावायचा आहे. म्हणून लिहायचं, की जाहिरातीत वचन देऊन विक्रीनंतर ते नाकारलं, ही अनुचित व्यापार प्रथा आणि सेवेतली त्रुटी आहे. मागणी: 14,000 रुपये, त्यावर व्याज, त्रासाची भरपाई, आणि गादी कंपनीने स्वतःच्या खर्चाने न्यावी.

तक्रार टाकली म्हणजे महिन्याभरात पैसे येतील असं सांगणार नाही. कायद्यात, माल प्रयोगशाळेत तपासायचा नसेल तर तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात.

म्हणून नवी गादी घेणाऱ्यांनी ऑर्डरच्या आधीच कंपनीच्या चॅटवर एक प्रश्न टाका: 'माझा पिनकोड अमुक. ट्रायलमध्ये परत केली तर इथून पिकअप होईल का, आणि किती रुपये कापाल?' उत्तर 'हो, मोफत' आलं तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. उत्तर आलंच नाही, तर तुमच्यासाठी ती ट्रायल नाही असं समजून भाव ठरवा. त्यापेक्षा वडशाच्या किंवा गडचिरोलीच्या दुकानात दहा मिनिटं आडवं पडून घेतलेली गादी बरी.

तुमच्याकडे अशी अट सांगणारा मेल आला असेल, तर ऑर्डर नंबर आणि नाव झाकून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन अटी घेऊ आणि त्या कोणत्या ढिगात जातात ते मिळून बघू.